साडेबारा म्हणजे बारा पॉइंट तीन

आमच्या सोसायटीच्या टेनिस बॉल स्पर्धेत एका वर्षी हिशेबाची वही माझ्याकडे होती. एका गोलंदाजाने पहिल्या सामन्यात ३.५ षटके टाकली होती, दुसऱ्यातही ३.५. मी बेरीज करून ७ लिहिले आणि वही मिटली. संध्याकाळी तो गोलंदाज माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, माझे चार चेंडू कुठे गेले?"

त्याचे बरोबर होते. ३.५ म्हणजे तीन षटके आणि पाच चेंडू, एकूण २३ चेंडू. दोन्ही मिळून ४६, म्हणजे सात षटके आणि वर चार चेंडू. ७.४ लिहायला हवे होते.

चूक माझी असली तरी तिचे मूळ त्या टिंबात आहे. दिसायला ते दशांश चिन्ह, पण काम वेगळेच. १२.४ या आकड्यात टिंबाच्या डावीकडे पूर्ण झालेली षटके आहेत आणि उजवीकडे चालू षटकातले चेंडू. उजवीकडचा आकडा शून्यापासून पाचापर्यंतच चढतो. सहावा चेंडू पडला की डावीकडे एकाची भर पडते आणि उजवीकडे पुन्हा शून्य येते. ज्यांनी आण्यांचा जमाना पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. सोळा आणे झाले की रुपया, तसे सहा चेंडू झाले की षटक. (वाइड आणि नो-बॉल या मोजणीत येत नाहीत, त्यांच्या धावा मात्र येतात.) गणिताच्या भाषेत ही मोजणी सहाच्या पायाची, पण ती फक्त शेवटच्या घरापुरती. डावीकडचे बारा हे आपले नेहमीचे बाराच.

आपल्या भाषेने तर हा सहाचा आकडा नावातच घातला आहे. षटक म्हणजे सहांचा गट. इंग्रजीतल्या 'ओव्हर'ला असे बंधन नाही, म्हणून ऑस्ट्रेलियात १९७८-७९पर्यंत आठ चेंडूंची ओव्हर चालली. तिथे टिंबापुढे सातही येऊ शकत असे. आठ चेंडूंचे षटक म्हणताना आपल्या समालोचकांची जीभ नक्कीच अडखळली असती.

आणि गंमत पाहा, 'साडेबारा षटके झाली' असे कुणी म्हणाले तर फलकावर १२.३ असते. १२.५ला साडेबारा म्हणाल तर दोन चेंडूंनी चुकाल. सव्वाबारा षटके तर होऊच शकत नाहीत, दीड चेंडू कोण टाकणार?

धावगती काढताना म्हणूनच टिंबाला आधी मोडून काढायचे. समजा, विसांच्या सामन्यात समोरच्या संघाने १६० केल्या आणि आपल्या १२.४ षटकांत ९५ झाल्या आहेत. बारा साहे बहात्तर आणि चार, म्हणजे ७६ चेंडू. ९५ला ७६ने भागून सहाने गुणले की धावगती येते ७.५. कॅल्क्युलेटरवर सरळ ९५ भागिले १२.४ केले तर ७.६६ दिसेल. आता उरलेल्या डावाकडे वळू. जिंकायला ६६ धावा हव्यात. वीसातून १२.४ वजा केले तर कॅल्क्युलेटर ७.६ म्हणेल, पण टिंबापुढे सहा हा आकडा षटकांच्या जगात नसतोच. तो दिसला की हिशेब फसला असे बेलाशक समजावे. खरे उरलेत ४४ चेंडू, म्हणजे ७.२ षटके, आणि आवश्यक धावगती नेमकी ९. फसव्या हिशेबात ती ८.६८ येते. म्हणजे टिंबावर भरवसा ठेवणाऱ्याला आपण आहोत त्यापेक्षा जोरात चाललोय असे वाटते आणि पुढची चढण आहे त्यापेक्षा सोपी. एकाच चुकीने दोन्हीकडून खोटा दिलासा! माझ्या वहीतली चूक याहून लबाड होती. तिथे उत्तर साळसूदपणे ७ आले आणि संशयाला जागाच उरली नाही.

सोसायटीत यावरून फार तर चहाच्या टपरीवर वाद होतो. पण ५ सप्टेंबर २०२३ रोजी लाहोरला आशिया चषकात अफगाणिस्तानसमोर हाच हिशेब उभा राहिला. श्रीलंकेने २९१ केल्या होत्या. अफगाणिस्तान जिंकले तर गटातल्या तिन्ही संघांचे गुण सारखे होणार होते, म्हणून निव्वळ धावगती पाहायची वेळ आली. निव्वळ धावगती म्हणजे गटातल्या सगळ्या सामन्यांत मिळून षटकामागे केलेल्या धावा, वजा षटकामागे दिलेल्या धावा. त्यात एक अट अशी की संघ सर्वबाद झाला तर खेळलेली नव्हे, वाट्याची सगळी षटके धरतात. बांगलादेशाविरुद्ध अफगाणिस्तान ४४.३ षटकांत २४५वर आटोपले होते, तरी त्यांच्या खात्यावर पन्नास षटके चढली होती.

आता श्रीलंकेच्या पुढे जायला २९२ धावा किती षटकांत हव्यात? गणित मांडले की उत्तर येते ३७.३०७ षटके. इथे घाई करणारा माणूस '३७.३' लिहून मोकळा होईल. पण हे खरे दशांश आहेत, फलकावरचे टिंब नव्हे. एका षटकाचा .३०७ भाग म्हणजे १.८४ चेंडू, आणि दुसरा चेंडू पुरा होण्याआधीच मर्यादा संपते. म्हणून उत्तर ३७.१, म्हणजे २२३ चेंडू. ताळा करून पाहिला तर २२३ चेंडूंत अफगाणिस्तानची निव्वळ धावगती उणे ०.०८९ आणि श्रीलंकेची उणे ०.१०८ येते. एकच चेंडू जास्त लागला तर अफगाणिस्तान उणे ०.१०१, श्रीलंका उणे ०.०९८. पारडे फिरले.

सदतीस षटकांअखेर अफगाणिस्तान ८ बाद २८९ होते. एका चेंडूत तीन धावा हव्या होत्या. ३७.१वर मुजीब झेलबाद झाला आणि सगळे संपले असे मैदानावर धरले गेले. पण ३७.१ची मर्यादा २९२ धावांवर थांबणाऱ्या संघासाठी होती. बरोबरी साधून किंवा तिच्या जवळ जाऊन शेवटचा फटका सीमापार गेला तर धावा जास्त होतात आणि चेंडूंची मुभाही वाढते. २९५ झाल्या तर ३७.५पर्यंत, २९७ झाल्या तर ३८.१पर्यंत. हे अफगाण गोटाला कुणी कळवलेच नव्हते, असे प्रशिक्षक जोनाथन ट्रॉट यांनी नंतर सांगितले. पलीकडच्या टोकाला राशिद खान २७वर नाबाद उभा होता. अकरावा फलंदाज फारूकी दोन चेंडू निर्धाव खेळला आणि ३७.४वर पायचीत झाला. सामना दोन धावांनी गेला.

त्या चेंडूवर षटकार बसला असता तर २९५ धावा २२६ चेंडूंत झाल्या असत्या. मुभा २२७ची होती.