यादृच्छिक अंकांनी सावरलेले झाड

साध्या द्विमान शोधवृक्षात लहान किल्ली डावीकडे, मोठी उजवीकडे जाते. चढत्या क्रमाने किल्ल्या आल्या, की झाडाची सरळ साखळी होते. 1989 मध्ये सेसिलिया अरागॉन आणि रायमुंड झाइडेल यांनी ‘ट्रीप’ मांडला. त्यात प्रत्येक किल्लीला यादृच्छिक अग्रक्रम मिळतो. लहान अंक वर राहतो.

10 (अग्रक्रम 40) मुळाशी आहे. 20 (15) आधी त्याच्या उजवीकडे बसतो. 15 हा 40 पेक्षा लहान, म्हणून डावे फिरवणे होते: 20 वर, 10 त्याच्या डावीकडे. 30 (70) उजवीकडेच राहतो. मग 25 (5) येतो, 30 च्या डावीकडे. दोन फिरवण्यांत तो मुळाशी पोहोचतो. डावीकडे 20 आणि त्याखाली 10, उजवीकडे 30. किल्ल्यांचा क्रम कुठेच मोडत नाही.

एखादी किल्ली दुसरीची पूर्वज केव्हा ठरते? त्या दोघी आणि क्रमाने त्यांच्या मधल्या सगळ्या, यांत तिचा अग्रक्रम सर्वांत लहान असेल तेव्हाच. क्रमात d घरे दूर असलेल्या किल्लीसाठी ही शक्यता 1/(d+1). दोन्ही बाजूंची बेरीज 2 ln n पेक्षा कमी भरते: 10 लाख किल्ल्यांत एखादीची अपेक्षित खोली 28 च्या आत. संपूर्ण झाडाची अपेक्षित उंची याहून जास्त, तरी log n च्या ठरावीक पटीतच. मात्र अग्रक्रम आधी ओळखता आले, तर कोणीही मुद्दाम साखळी घडवू शकतो.