दोन हजार चारशे बाटल्या आणि एक उत्तर

जिल्हा परिषदेच्या लेखापरीक्षणात आक्षेप आला की कार्यालयातला पहिला प्रश्न असतो, ‘अनुपालन कधी द्यायचं?’ आणि घाईत लिहिलेलं ठरावीक वाक्य असतं, ‘नोंद घेतली असून कार्यवाही सुरू आहे.’ हे वाक्य आक्षेप खोडत नाही की मान्यही करत नाही. परिच्छेद तसाच प्रलंबित राहतो.

समजा, आरोग्य विभागाने पंचवीस रुपये दराने सलाईनच्या १२,००० बाटल्या घेतल्या. मुख्य भांडाराच्या साठा नोंदवहीत जमा दिसतात ९,६००. उरलेल्या २,४०० बाटल्यांचे ६०,००० रुपये लेखापरीक्षक वसूलपात्र ठरवतात आणि ३० जूनपर्यंत साठ्याचा ताळमेळ मागतात.

जिल्हा आरोग्य अधिकारी कागद काढायला लावतात, तेव्हा वेगळंच दिसतं. पुरात रस्ते बंद होण्याच्या भीतीने पुरवठादाराने काही बाटल्या थेट तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांवर उतरवल्या होत्या. दोन केंद्रांकडे २,००० बाटल्यांची सही-शिक्क्याची पोच आहे. तिसऱ्या केंद्राकडे ४०० बाटल्यांची पोच सापडत नाही.

इथेच उत्तराचा कस लागतो. सगळाच आक्षेप ‘अमान्य’ म्हणण्याचा मोह होतो, पण त्या ४०० बाटल्यांमुळे उरलेल्या २,००० बाटल्यांचा खरा पुरावाही संशयात सापडतो. म्हणून पत्र रक्कम फोडून लिहावं: ५०,००० रुपयांपुरता आक्षेप अमान्य, १०,००० रुपयांपुरता मान्य. अमान्य भागाला चलनाचा क्रमांक, केंद्राच्या साठा नोंदवहीचं पान आणि बाटल्या रुग्णांना दिल्याची नोंद जोडावी. मुख्य भांडारात जमा न दाखवता माल परस्पर उतरवला, ही पद्धतीतली चूक मात्र स्पष्ट कबूल करावी.

पुराव्याची तारीख लेखापरीक्षक आधी पाहतो. आक्षेप आल्यानंतर तयार केलेलं प्रमाणपत्र त्याच्या लेखी फारसं मोलाचं नसतं. माल उतरला त्या दिवशीची पोच, शाई बदललेली नसलेली सलग नोंद, गाडीची लॉगबुक हे बोलतात. मागाहून दोन ओळींच्या मध्ये घुसवलेली नोंद तर प्रकरण अधिकच चिघळवते.

मुदतवाढही अशीच कारणासकट मागावी. ‘लवकरात लवकर’ ही तारीख नव्हे. पत्रात असं लिहिता येईल: ‘तिसऱ्या केंद्रातील ४०० बाटल्यांचा शोध १५ जुलैपर्यंत, न सापडल्यास ३१ जुलैपर्यंत जबाबदारी निश्चित करून वसुलीची कार्यवाही, सर्व केंद्रांची प्रत्यक्ष साठा मोजणी ३१ ऑगस्टपर्यंत, कारण पावसाळ्यात औषध निर्माण अधिकारी साथरोगाच्या कामावर आहेत.’ प्रत्येक तारखेपुढे जबाबदार अधिकाऱ्याचं पदनाम हवं. नाव लिहिलं, तर बदलीबरोबर जबाबदारीही निघून जाते.

शेवटी ‘५०,००० रुपयांपुरता परिच्छेद वगळण्यात यावा’ अशी स्पष्ट विनंती करावी. तसं लेखी कळेपर्यंत परिच्छेद उभाच असतो, आणि विधिमंडळाच्या पंचायत राज समितीपुढे तो आला, तर त्या दिवशी खुर्चीवर असलेल्या अधिकाऱ्याला याच फाइलच्या आधारे उत्तर द्यावं लागतं.