डब्यावरचा पाच टक्के कर आणि मेसचा हिशेब

पुण्यात सदाशिव पेठेत चालते तशी एखादी मेस डोळ्यांसमोर आणा. स्पर्धा परीक्षांची मुलं आणि आसपासच्या कचेऱ्यांतले नोकरदार मिळून रोज १२० डबे जातात. डब्याला ८० रुपये, महिन्याचे २६ दिवस. म्हणजे महिन्याला २ लाख ४९ हजार ६०० रुपये आणि वर्षाला जवळपास ३० लाख. भाजी, किराणा, गॅस, पोळ्या लाटणाऱ्या बायकांचा पगार आणि जागेचं भाडं वजा केल्यावर यातलं मालकिणीच्या हाती फारसं उरत नाही. पण जीएसटीचा कायदा उरलेल्या पैशांकडे बघत नाही. तो उलाढाल बघतो.

इथेच पहिली फसगत होते. नोंदणीची मर्यादा ४० लाख आहे, असं बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. ती निव्वळ माल विकणाऱ्याची, म्हणजे किराणा किंवा कापड दुकानदाराची. तयार जेवण कायद्याने ‘सेवा’ ठरवलंय आणि सेवेची मर्यादा महाराष्ट्रात २० लाख आहे. ती मोजताना एका पॅनवरचं सगळं धरायचं. अॅपवरून गेलेल्या डब्यांवरचा कर अॅपची कंपनीच सरकारकडे भरते, तरी ती विक्री मेसच्या उलाढालीत येतेच. मालकिणीने दुसरं घर कुणाला राहायला भाड्याने दिलं असेल, तर त्या भाड्यावर कर नसूनही ते या बेरजेत येतं.

आपल्या मेसची बेरीज एप्रिलपासून धरली तर नोव्हेंबरअखेर १९ लाख ९६ हजार ८०० होते. म्हणजे डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी रेघ ओलांडली जाते. तिथून ३० दिवसांत नोंदणीचा अर्ज करायचा. कर लागतो तो त्या दिवसापासूनच्या विक्रीवर, आधीच्या आठ महिन्यांवर नाही. पण मार्चमध्ये सी.ए.कडे वह्या नेल्यावर हे कळलं, तर मधल्या चार महिन्यांचा कर खिशातून जातो. जेवून गेलेल्या मुलांकडे तो मागणार कसा?

दर मात्र सोपा आहे. बसून जेवा, पार्सल न्या किंवा डबा घरी मागवा, दर ५ टक्केच. वातानुकूलित हॉटेलला १८ आणि साध्याला १२ हा भेद १५ नोव्हेंबर २०१७ ला संपला. लग्नामुंजीच्या केटरिंगचा दर १ ऑक्टोबर २०१९ पासून १८ वरून ५ वर आला. अपवाद मोठ्या हॉटेलांचा. खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर असलेल्या हॉटेलात जेवण दिलं की १८ टक्के लागतात. अशा ठिकाणी ऑर्डर घेणाऱ्या छोट्या केटररने कोटेशन देण्याआधी हे विचारून घेतलेलं बरं.

या ५ टक्क्यांना एक अट जोडलेली आहे. खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करता येत नाही. आपल्या मेसमध्ये भाजी, सुटं धान्य, ताजं दूध यांवर कर नाही. समजा तेल, मसाले, तूप मिळून महिन्याला ४० हजारांचा माल येतो. त्यावर ५ टक्क्यांनी २ हजार. व्यावसायिक गॅस सिलिंडर आणि प्लास्टिकचे डबे मिळून ३० हजार. त्यावर १८ टक्क्यांनी ५ हजार ४००. असे महिन्याला ७ हजार ४०० रुपये परत न मिळणारे, वर्षाला ८८ हजार ८००. तो कर नव्हे, खर्चच समजायचा आणि डब्याचा भाव काढतानाच त्यात धरायचा. ‘मी १८ टक्के लावतो, पण वजावट द्या’ असं म्हणायची सोय मेसवाल्याला नाही.

घोटाळा होतो तो संगणकावर. पुरवठादारांनी भरलेला कर पोर्टलवर जीएसटीआर-२बी मध्ये आपोआप दिसतो, आणि विवरणपत्र भरणारा मुलगा तो बिनदिक्कत उचलून वापरतो. दोन-तीन वर्षांनी नोटीस येते, वापरलेल्या रकमेवर १८ टक्के व्याजासह. ओळखायची खूण सोपी आहे. मेसचा सगळा कर रोख खात्यातूनच गेला पाहिजे. जीएसटीआर-३बी मध्ये क्रेडिट खात्यातून रुपया जरी वळता झालेला दिसला, तरी त्याच दिवशी विचारा.

आता निवड. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या मेसला दोन वाटा आहेत, नेहमीची नोंदणी किंवा कंपोझिशन. छोट्यांसाठी कंपोझिशनच बरी, असं सरसकट सांगितलं जातं. मला हा सल्ला अर्धवट वाटतो. व्यापाऱ्याला कंपोझिशनमध्ये १ टक्का लागतो, जेवण देणाऱ्याला ५ टक्केच. वजावट दोन्हीकडे नाही. शिवाय कंपोझिशनवाल्याला बिलात कर वेगळा लावता येत नाही. तो पदरचा भरायचा. डब्याचा भाव सगळं धरून ८० रुपयेच ठेवला, तर कंपोझिशनमध्ये पूर्ण ८० वर ४ रुपये जातात. नेहमीच्या नोंदणीत त्याच ८० मधून कर वेगळा काढला तर ३ रुपये ८१ पैसे. ३० लाखांवर हा फरक वर्षाला सुमारे ७ हजार १०० रुपयांचा, आणि तो कंपोझिशनच्या विरुद्ध.

मग कंपोझिशन कशासाठी? कागद कमी, हे खरं. पण पाच कोटींपर्यंत नेहमीच्या नोंदणीतही तिमाही विवरणपत्राची सोय आहे, फक्त पैसे दरमहा भरावे लागतात. खरी मेख जागेच्या भाड्यात आहे.

दुकानगाळ्याच्या मालकाची जीएसटी नोंदणी नसेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावरचे १८ टक्के नोंदणी असलेल्या भाडेकरूने भरायचे आहेत. १६ जानेवारी २०२५ पासून कंपोझिशनवाल्यांना यातून वगळलं. आपल्या मेसचं भाडं २५ हजार असेल, तर नेहमीच्या नोंदणीत दरमहा साडेचार हजार, वर्षाला ५४ हजार रुपये वर जातात आणि त्यांचीही वजावट नाही. ७ हजारांचा फायदा ५४ हजारांपुढे कुठच्या कुठे राहतो. इथे कंपोझिशनच घ्यावी. गाळा स्वतःचा असेल, किंवा मालक स्वतः नोंदणीकृत असून बिलातच कर लावत असेल, तर ही सवलत कामाची नाही. राहता फ्लॅट भाड्याने घेऊन त्यात स्वयंपाक चालत असेल, तर त्याला हा नियम नाही, निराळा लागतो आणि त्यातून कंपोझिशनवाल्यालाही सूट नाही. म्हणून भाडेकरार सी.ए.ला दाखवल्याशिवाय निवड करू नये. नवी नोंदणी करतानाच कंपोझिशन निवडता येते. नोंदणी आधीची असेल तर आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी कळवावं लागतं.

ग्राहक कोण, यानेही थोडा फरक पडतो. बारावीपर्यंतच्या शाळेने स्वतः जेवणाचं काम दिलं, तर त्यावर कर माफ आहे. कॉलेजच्या मेसला किंवा क्लासच्या मुलांच्या डब्याला ती माफी नाही. कंपन्या मोठी ऑर्डर देताना ‘जीएसटीचं बिल लागेल’ म्हणतात आणि मेसवाली घाबरून कंपोझिशन सोडायचा विचार करते. पण कर्मचाऱ्यांच्या जेवणावरच्या कराची वजावट बहुतेक कंपन्यांनाही मिळत नाही. शंभर किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यासारखं जिथे कॅन्टीन कायद्यानेच सक्तीचं आहे, तिथे ती मिळू शकते. बाकी कचेरीला ८४ रुपयांचं साधं बिल आणि ८० अधिक ४ असं कराचं बिल यांत खर्च सारखाच पडतो. त्यांच्या हिशेबनिसाला हे शांतपणे विचारावं, आणि मग घासाघीस करायचीच तर ती भावावर करावी.