नायट्रिक ॲसिडचा कचरा आणि सॉल्व्हंटची बाटली

पोलादाच्या किंवा बिडाच्या नमुन्याची अंतर्गत रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची असेल, तर आधी त्याचा पृष्ठभाग आरशासारखा घासावा लागतो आणि मग तो सौम्य आम्लाने किंचित खाऊ द्यावा लागतो. या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या द्रावणाला ‘नायटल’ म्हणतात. इथेनॉलमध्ये दोन ते पाच टक्के नायट्रिक ॲसिड मिसळले की नायटल तयार होते. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांपासून पुण्याच्या वाहन उद्योगापर्यंत जिथे धातूची तपासणी होते, तिथे ते नेहमीचे आहे. अशा प्रयोगशाळेच्या एकाच ओट्यावर तीव्र नायट्रिक ॲसिड, अल्कोहोल आणि नमुने धुऊन वाळवायचे ॲसिटोन जवळजवळ असतात. त्यामुळे टाकाऊ द्रव जमा करण्याच्या बाटलीत ते एकत्र येण्याचा धोकाही इथे सर्वांत जास्त असतो.

नायट्रिक ॲसिडला फक्त आम्ल समजणे ही या धोक्याची सुरुवात आहे. हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि नायट्रिक ॲसिड दोन्ही कातडी जाळतात, धातू खातात, लिटमस लाल करतात. पण नायट्रिक ॲसिडचा आणखी एक गुण आहे. ते जोरदार ऑक्सिडीकारक आहे, म्हणजे स्वतःजवळचा ऑक्सिजन ते दुसऱ्या पदार्थाला देऊन टाकते. अल्कोहोल, ॲसिटोन, टोल्युइन यांसारखे सेंद्रिय द्रावक म्हणजे कार्बन-हायड्रोजनची इंधनेच. त्यांना जळायला एरवी हवेतला ऑक्सिजन लागतो. नायट्रिक ॲसिड मिसळले की ऑक्सिजनचा पुरवठा द्रवातच होतो. ज्वाला नसली तरी ऑक्सिडीकरण सुरू होते, उष्णता निर्माण होते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे व कार्बन डायऑक्साइड हे वायू बाहेर पडतात.

ही प्रक्रिया फसवी आहे, कारण ती बहुधा लगेच दिसत नाही. बाटलीत थोडे ॲसिड ओतले, काही झाले नाही, झाकण लावले, माणूस घरी गेला. आणि काही तासांनी बाटली फुटली, असा या अपघातांचा नेहमीचा क्रम असतो. सुरुवातीला अभिक्रिया अतिशय मंद असते. पण तिच्यातून तयार होणारे नायट्रस ॲसिड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे पुढच्या अभिक्रियेला वेग देतात. शिवाय उष्णता बाटलीतच साठते आणि तापमान वाढले की वेग आणखी वाढतो. त्यामुळे सुरुवातीची शांतता ही सुरक्षिततेची खूण मुळीच नाही. किती वेळाने वेग घेईल हे ॲसिडची तीव्रता, द्रावक, बाटलीत आधी काय होते आणि खोली किती उबदार आहे यावर ठरते. ते आधी सांगता येत नाही.

दाब किती वाढू शकतो याचा हिशेब करण्याजोगा आहे. अडीच लिटरच्या काचेच्या बाटलीत १.९ लिटर टाकाऊ ॲसिटोन-अल्कोहोल आहे आणि कोणी त्यात १०० मिलिलिटर तीव्र (७० टक्के) नायट्रिक ॲसिड ओतून झाकण घट्ट लावले, असे धरू. एवढ्या ॲसिडाचे वजन सुमारे १४१ ग्रॅम. त्यात शुद्ध नायट्रिक ॲसिड सुमारे ९९ ग्रॅम, म्हणजे साधारण १.६ मोल. त्या सगळ्याचे नायट्रिक ऑक्साइड झाले तर खोलीच्या तापमानाला व दाबाला त्याचे आकारमान ३८ लिटरच्या आसपास भरते. बाटलीत मोकळी जागा मात्र अर्धा लिटर. अभिक्रिया एक दशांशच झाली, तरी जवळजवळ चार लिटर वायू त्या अर्ध्या लिटरमध्ये कोंबला जातो आणि दाब हवेच्या दाबाच्या आठपट वाढतो. या हिशेबात कार्बन डायऑक्साइड नाही आणि तापलेल्या ॲसिटोनची वाफही नाही. रसायनांच्या साध्या बाटल्या असा दाब पेलण्यासाठी बनवलेल्या नसतात. बाटली फुटली की काचा, ॲसिड आणि ज्वालाग्राही द्रावक एकदमच उडतात.

बहुतेक वेळा हे मिश्रण कोणी जाणूनबुजून करत नाही. काचेची भांडी नायट्रिक ॲसिडने धुऊन लगेच ॲसिटोनने विसळली जातात आणि दोन्ही विसळण्या एकाच बाटलीत पडतात. सॉल्व्हंटची रिकामी बाटली न धुता ॲसिडच्या कचऱ्यासाठी घेतली जाते. बाटलीवर नुसते ‘ॲसिड वेस्ट’ लिहिलेले असते आणि कोणीतरी त्यात ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड ओततो. ही शेवटची चूक विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. ॲसेटिक ॲसिड नावाने ॲसिड असले तरी ते सेंद्रिय आणि ज्वालाग्राही आहे. नायट्रिक ॲसिडच्या बाबतीत त्याची गणना द्रावकांतच करायला हवी.

म्हणून नायट्रिक ॲसिडच्या कचऱ्याला स्वतःची बाटली लागते; ‘ॲसिड’ या मोठ्या वर्गातली जागा त्याला पुरत नाही. तीव्र ॲसिडासाठी ते मुळात ज्या काचेच्या बाटलीत आले तीच सर्वांत सोयीची, कारण तिच्यात दुसरे काही नव्हते याची खात्री असते. साधे पॉलिथिलीनचे कॅन पाण्यात पातळ केलेल्या ॲसिडाला चालतात, पण तीव्र ॲसिड काळानुसार ते प्लॅस्टिक ठिसूळ करते. झाकण दाब बाहेर सोडणारे असावे आणि बाटली काठोकाठ भरू नये. लेबल पहिला थेंब पडण्याआधी लावावे. त्यावर ‘टाकाऊ नायट्रिक ॲसिड, ऑक्सिडीकारक, सेंद्रिय पदार्थ टाकू नयेत’ असे पूर्ण शब्दांत आणि अंदाजे तीव्रतेसह लिहावे. हायड्रोक्लोरिक ॲसिडही या बाटलीत टाकू नये, कारण दोन्हींच्या मिश्रणातून क्लोरीन आणि इतर विषारी वायू निघतात. बाटली सॉल्व्हंटपासून दूर, स्वतंत्र प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये ठेवावी. लाकडी फळी किंवा पुठ्ठ्याचे खोके तिच्याखाली नको. सांडलेले ॲसिड कापडाने, कागदाने किंवा भुशाने टिपू नये. हे सगळे सेंद्रियच आहेत आणि ॲसिड शोषल्यावर पेट घेऊ शकतात. सोडियम बायकार्बोनेट हळूहळू टाकून आधी ते उदासीन करावे.

भांडी धुताना दोन टप्प्यांच्या मध्ये पाणी आले पाहिजे. नायट्रिक ॲसिडनंतर भरपूर पाण्याने विसळावे आणि मगच ॲसिटोन वापरावे.

नायटलची अडचण वेगळी आहे, कारण त्यात दोन्ही पदार्थ मुळातच एकत्र आहेत. ते सुरक्षित राहते ते केवळ ॲसिडचे प्रमाण कमी असल्यामुळे. इथेनॉलमधले प्रमाण पाच टक्क्यांवर जाऊ देऊ नये, आणि बनवताना नेहमी ॲसिड अल्कोहोलमध्ये हळूहळू घालावे, उलट नव्हे. दिवसाच्या कामापुरतेच बनवलेले बरे. उघड्या भांड्यात अल्कोहोल उडून जाते आणि उरलेल्या द्रावणातले ॲसिडचे प्रमाण वाढते, म्हणून कालचे नायटल आजच्यापेक्षा धोकादायक असू शकते. वापरलेले नायटल ना सॉल्व्हंटच्या कॅनमध्ये जाते, ना नायट्रिक ॲसिडच्या बाटलीत. ते कामानंतर लगेच भरपूर पाण्यात ओतून, उघड्या भांड्यात बायकार्बोनेटने उदासीन करून, स्वतःच्या लेबलच्या कॅनमध्ये साठवावे.

भारतात असा कचरा २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतो. तो साधारणपणे ९० दिवसांहून जास्त साठवता येत नाही आणि अधिकृत प्रक्रिया केंद्राकडेच द्यावा लागतो.

चुकून मिश्रण झालेच, तर झाकण घट्ट लावण्याचा मोह टाळावा. ओतल्याबरोबर लक्षात आले आणि बाटली थंड व शांत असेल, तर ती फ्यूम हूडमध्ये उघडीच ठेवून काच खाली ओढावी आणि जबाबदार व्यक्तीला कळवावे. बाटली गरम लागत असेल, बुडबुडे येत असतील किंवा तपकिरी धूर दिसत असेल, तर तिला हात न लावता खोली रिकामी करावी. तो धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा असतो. तो श्वासात गेल्यावर सुरुवातीला थोडा खोकला येऊन माणूस बरा वाटू शकतो, आणि फुप्फुसांत पाणी साचण्याची लक्षणे कित्येक तासांनी दिसतात. त्यामुळे धूर अंगावर आलेल्या व्यक्तीला त्रास होत नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे आणि कोणता वायू होता हे स्पष्ट सांगावे.