पहिला नंबर बँकेचा नव्हता

स्क्रीनशॉट पाहिला तर त्यात काहीच खटकत नाही. वर शोधपट्टीत बँकेचं नाव आणि पुढे ‘कस्टमर केअर नंबर’ असे शब्द. खाली लगेच मोठ्या निळ्या अक्षरांत पुन्हा बँकेचं नाव, ‘चोवीस तास मदत’, ‘रिफंड आणि कार्ड ब्लॉक’ अशी आश्वासनं आणि शेजारी फोनचं चिन्ह. त्यावर बोट ठेवलं की थेट फोन लागतो. नंबर साधा दहा आकडी मोबाइलचा असतो. निळ्या ओळीच्या वर एक शब्द असतो: Sponsored. म्हणजे ही पैसे देऊन लावलेली जाहिरात आहे. आणि ते पैसे बँकेने दिलेले नाहीत.

हा स्क्रीनशॉट बहुतेक वेळा दोनदा प्रवास करतो. पहिल्यांदा, “बँकेचा नंबर हवा होता ना, हा घे” म्हणून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. पाठवणाऱ्याने कडा कापून फक्त नाव आणि नंबर ठेवलेला असतो, त्यामुळे तो शब्दही निघून जातो. दुसऱ्यांदा तो पोलीस ठाण्यात दाखवला जातो, खात्यातले पैसे गेल्यावर.

ही जागा बँक नसलेल्या माणसाला मिळते तरी कशी? गुगलवर आपण एखादा शब्द शोधतो तेव्हा दरवेळी, काही क्षणांत, एक लिलाव होतो. ‘अमुक बँक कस्टमर केअर’ या शब्दांवर जाहिरात दाखवायला कोण किती पैसे मोजायला तयार आहे आणि त्याची जाहिरात त्या शोधाशी किती जुळते, यावरून वरची जागा ठरते. जाहिरातीचा मथळा जाहिरातदार स्वतः लिहितो. कोणत्या शहरात आणि कोणत्या वेळी ती दिसावी, हेही तोच ठरवतो. पैसे सहसा जाहिरातीवर कुणी बोट ठेवलं तरच द्यायचे असतात. बँकेच्या दारासमोरची भिंत भाड्याने घेऊन तिच्यावर कुणीही ‘चौकशी इथे करा’ अशी पाटी लावावी, तसा हा प्रकार आहे. खरी बँक त्याच पानावर असते, पण चार बोटं खाली. मोबाइलच्या लहान पडद्यावर ती कित्येकदा दिसतही नाही.

गुगल जाहिरातदारांची ओळख तपासते, हे खरं आहे. २०१८ मध्ये तिने तांत्रिक मदतीच्या त्रयस्थ जाहिरातींवर कडक बंधनं घातली. २०२४ या एका वर्षात तिने जगभरात ५१० कोटी जाहिराती काढल्या आणि जाहिरातदारांची ३.९२ कोटी खाती बंद केली, असं तिचाच अहवाल सांगतो. हे आकडे तिच्या दक्षतेचे आहेत, तसेच समोरच्या लोंढ्याचेही आहेत. ठग स्वतःच्या नावाने खातं उघडत बसत नाहीत. तपासणीतून आधीच पार पडलेलं कुणाचं तरी जुनं खातं ते चोरतात किंवा भाड्याने घेतात. तपासणाऱ्या यंत्रणेला एक निरुपद्रवी पान दाखवायचं आणि खऱ्या ग्राहकाला दुसरंच, ही त्यांची नेहमीची युक्ती आहे. जाहिरातीतून थेट फोन लागत असेल, तर ग्राहकाला दाखवायला वेबसाइटही लागत नाही.

आता फोन लागल्यावर काय होतं ते पाहू. खालचं उदाहरण कुणा एकाचं नाही, तक्रारींत वारंवार दिसणाऱ्या क्रमावरून ते मांडलं आहे. रविवारी संध्याकाळी एक गृहस्थ एटीएमवर गेले. दहा हजार रुपये खात्यातून वजा झाल्याचा मेसेज आला, पण यंत्रातून नोटा आल्या नाहीत. शाखा बंद. त्यांनी तिथेच उभ्याने नंबर शोधला आणि वरचा पहिला लावला.

पलीकडचा माणूस अदबीने बोलतो. नाव विचारतो, तक्रार नोंदवून घेतो, तक्रार क्रमांकही देतो. मागे इतरांचे आवाज येत असतात, त्यामुळे कॉल सेंटर खरं वाटतं. मग तो म्हणतो, “सर, रिफंडसाठी आमचं सपोर्ट अ‍ॅप घ्यावं लागेल.” हे अ‍ॅप म्हणजे एनीडेस्कसारखं, एका फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारं साधन असतं. अ‍ॅप मुळात वैध आहे, कार्यालयांत संगणक दुरुस्तीसाठी ते रोज वापरलं जातं. पण त्यात उमटलेला आकडी कोड समोरच्याला सांगितला आणि परवानगीचं बटण दाबलं, की आपला पडदा त्याला दिसू लागतो. या धोक्याबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. अलीकडे बऱ्याच बँकांची अ‍ॅप्स असं दूरचं दर्शन चालू असेल तर उघडतच नाहीत. म्हणून ठग आता व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल पाठवतात. ती फोनमध्ये बसली की येणारे मेसेज, म्हणजे ओटीपीसुद्धा, गुपचूप त्यांच्याकडे जातात.

मग येतो शेवटचा भाग. “तुमचं खातं पडताळायला दहा रुपये भरा” म्हणून एक फॉर्म येतो. त्यात कार्डाचा नंबर आणि पिन भरायचा असतो. किंवा “हा रिफंड कोड टाका” म्हणून ४९,९९८ असा आकडा सांगितला जातो. गृहस्थ तो ज्या चौकटीत टाकतात ती कोडची नसते, रक्कम पाठवण्याची असते. यूपीआय पिन टाकला, की परत मिळायच्या दहा हजारांऐवजी आणखी पन्नास हजार गेलेले असतात.

सगळ्यात हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. त्या दहा हजारांसाठी फोन करायची घाई मुळात नव्हतीच. एटीएममधून नोटा न येता पैसे वजा झाले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत बँकेने ते आपणहून परत जमा करायचे आणि त्यापुढे उशीर झाल्यास दर दिवशी १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा आदेश आहे. ही एक ओळ एटीएमच्या पडद्यावर ठळक लिहिली असती, तर कितीतरी लोकांनी तो शोध घेतलाच नसता.

इतर फसवणुकीत ठग आपल्याला फोन करतो, इथे आपण त्याला करतो. हाच फरक महागात पडतो. अनोळखी फोन आला की हल्ली आजी-आजोबाही सावध होतात. पण नंबर आपण शोधला, आपण लावला, तर संशय घ्यायचा कशाचा? बँकेचा माणूस ओटीपी विचारत नाही हे ठाऊक असलेली, शिकलेली, व्यवहारात मुरलेली माणसंही इथे फसतात. त्यांना बावळट ठरवणं अन्यायाचं आहे.

पैसे देऊन लावलेली जाहिरात हा या खेळाचा एकच रस्ता. २०१८ मध्ये बँक ऑफ इंडियाच्या तक्रारींवरून महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांपुढे दुसरा रस्ता आला. गुगल मॅप्सवर ठिकाणाची माहिती सुधारण्याची सोय कुणालाही खुली असते. तिचा वापर करून ठगांनी बँकेच्या शाखांपुढे स्वतःचे नंबर घातले होते. तिथे एक पैसाही खर्च झाला नव्हता.

तिसरा प्रकार जून २०२५ मध्ये मालवेअरबाइट्स या सुरक्षा कंपनीने उघड केला. तो अमेरिकेतला आहे, पण समजून घेण्यासारखा आहे. त्यातली जाहिरात बँक ऑफ अमेरिका, नेटफ्लिक्स, पेपाल अशा कंपन्यांच्या अस्सल वेबसाइटवरच नेत होती. पत्ता खरा, पान खरं. फक्त त्या साइटच्या आतल्या शोधचौकटीत ठगांनी दुव्यातूनच “या नंबरवर फोन करा” असा मजकूर भरून पाठवला होता. साइट तो मजकूर ‘तुम्ही हे शोधलंत’ म्हणून पानावर दाखवत होती आणि पाहणाऱ्याला तो कंपनीचाच नंबर वाटत होता. पत्ता तपासा, एवढा सल्ला इथे अपुरा पडतो.

नंबरावरून तरी ओळखता येतं का? काही प्रमाणात. स्टेट बँकेचा १८०० १२३४ हा नंबर पाहा. मोठ्या बँकांच्या मदतसेवेचे नंबर सहसा असे १८०० ने सुरू होणारे निःशुल्क असतात, तिथे ९ किंवा ८ ने सुरू होणारा मोबाइल नंबर दिसला तर तो लावू नये. पण उलट बाजूने खात्री देता येत नाही. बँकेच्या १८०० च्या नंबरातला पहिला १ गाळून उरलेला आकडा मोबाइल नंबर म्हणून घ्यायचा आणि ट्रूकॉलरवर बँकेच्या नावाने नोंदवायचा, या युक्तीबद्दल रिझर्व्ह बँकेने सावध केलेलं आहे.

म्हणून नंबर शोधयंत्राकडे मागायचाच नाही, हे बरं. तो डेबिट कार्डाच्या मागच्या बाजूला छापलेला असतो, पासबुकवर असतो, बँकेच्या अ‍ॅपमध्ये असतो. एकदा तिथून फोनमध्ये जतन करून ठेवला की घाईच्या वेळी शोधावा लागत नाही. वेबसाइटवरून घ्यायचा असेल तर पत्ता हाताने टाइप करावा. भारतीय बँकांचे पत्ते आता .bank.in ने संपतात, उदाहरणार्थ sbi.bank.in. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत या बदलाची मुदत दिली होती आणि हे पत्ते फक्त बँकांनाच, आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडून मिळतात.

पैसे गेलेच, तर पहिला फोन १९३० ला. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतात. तक्रार लवकर पोचली तर मधल्या एखाद्या खात्यात ते गोठवता येतात. तोवर फोनचा डेटा आणि वायफाय बंद करून ते अ‍ॅप काढून टाकावं, खऱ्या नंबरवरून बँकेला कळवून कार्ड, यूपीआय आणि नेटबँकिंग थांबवावं आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि वेळ मागून घ्यावी, कारण तिला कायद्याने किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. संकोचापोटी रात्रभर गप्प बसणं याच कारणाने महाग पडतं.

आणि स्क्रीनशॉट. जाहिरात शहर, वेळ आणि माणूस बघून दिसते. दुसऱ्या दिवशी तपास अधिकाऱ्याने तेच शब्द शोधले तर ती कदाचित दिसणारच नाही. म्हणून चित्र अख्ख्या पडद्याचं हवं: वरची वेळ, शोधलेले शब्द, Sponsored ही खूण आणि पूर्ण नंबर, काहीही न कापता. जाहिरातीशेजारच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं की जाहिरातदाराचं नोंदलेलं नाव आणि देश दिसतो. त्याचं वेगळं चित्र घ्यावं आणि जाहिरातीची तक्रार करण्याची सोयही तिथूनच वापरावी. जाहिरात निघाली तरी फोन नंबर चालूच राहतो, म्हणून तो दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर, ‘चक्षू’ या विभागात स्वतंत्रपणे कळवावा लागतो.