सेल्फ फिरतो, पण पंप बोलत नाही
(लेखांक ९)

गेल्या आठवड्यात आपण सेल्फच फिरत नाही अशा गाडीबद्दल बोललो. आज त्याच्या उलट. सेल्फ जोरात फिरतो, बॅटरी ठणठणीत आहे, तरी इंजिन पकडत नाही.

धुळ्याहून सुरतकडे निघालो होतो. कोंडाईबारी घाट उतरून विसरवाडीत शिरताना समोरच्या ट्रकला वाट द्यायला गाडी डावीकडे घेतली आणि पुढचं चाक कडेच्या खड्ड्यात जोरात आदळलं. गाडी पाच-सात सेकंद चालली आणि बंद पडली. पुन्हा सेल्फ मारला, तर इंजिन नुसतं फिरत राहिलं, साधं खोकलंसुद्धा नाही. जवळच्या गॅरेजमधला मेकॅनिक आला. त्याने बॉनेट उघडलं नाही. मला म्हणाला, "सेल्फ मारू नका. चावी फक्त ऑन करा आणि मागच्या सीटला कान लावा."

आवाज आला नाही. एरवी चावी ऑन केली की टाकीतला पेट्रोल पंप एक-दोन सेकंद घूं करतो. पंप बोलत नव्हता, म्हणजे इंजिनापर्यंत पेट्रोल पोचत नव्हतं. गाडी खड्ड्यानंतर काही सेकंद चालली, ती पाइपात उरलेल्या दाबावर.

मेकॅनिकने आधी गाडीखाली वाकून पाहिलं, वास घेतला, टाकीपासून पुढे येणाऱ्या पाइपावरून हात फिरवला. सगळं कोरडं होतं. मग डॅशबोर्डखाली पायाशी असलेल्या प्लास्टिक पॅनेलमागे हात घालून त्याने एक बटण दाबलं. टक् असा आवाज झाला. चावी ऑन केल्यावर पंप बोलला आणि गाडी पहिल्याच सेल्फला चालू झाली.

ते बटण इनर्शिया स्विचचं. आत शंकूसारख्या खोलगट बैठकीत पोलादी गोळी असते आणि खालचं चुंबक तिला धरून ठेवतं. धक्का पुरेसा जोराचा असला, तर गोळी चुंबकापासून सुटते, उतारावरून वर चढते आणि वरच्या पट्टीवर आपटते. त्याबरोबर संपर्क तुटतो, पंपाची वीज जाते आणि बटण वर येतं. ही गोळी कोणत्याही बाजूने सुटू शकते, त्यामुळे मागून बसलेली हलकी धडकही तिला पुरते. मात्र अपघाताचा धक्का कोणता आणि खड्ड्याचा कोणता, हे तिला कळत नाही.

जुन्या अॅम्बेसेडर किंवा पद्मिनीला याची गरज नव्हती. त्यांचा पंप इंजिनच चालवायचं, त्यामुळे इंजिन थांबलं की पंपही थांबायचा. इंजेक्शनच्या गाडीत पंप विजेवर चालतो आणि साधारण तीन बारच्या दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. इंजिन फिरायचं थांबलं की कॉम्प्युटर पंप बंद करतो हे खरं. पण धडकेनंतर पाइप फुटला आणि इंजिन अजून चालूच असलं, तर तापलेल्या इंजिनावर पेट्रोलचा फवारा उडत राहील. स्विच आहे तो त्या क्षणासाठी. म्हणूनच बटण दाबण्याआधी मेकॅनिक गाडीखाली वाकला होता. पेट्रोलचा वास आला किंवा थेंब दिसला, तर बटणाला हात लावू नका. गाडीतली माणसं उतरवून लांब न्या आणि गाडी टो करून न्या.

फोर्ड आयकॉन, फियाट पालिओ अशा गाड्यांत हा बटणाचा स्विच असे. त्याची जागा मॉडेलनुसार बदलते. काही गाड्यांत तो पायाशी, तर काहींत डिकीत असतो. बऱ्याच नव्या गाड्यांत वेगळा स्विच नसतो. एअरबॅगचा कंट्रोलरच पंप बंद करायला सांगतो. अशा वेळी चावी बंद-चालू करण्याचा ठरावीक क्रम गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. काही गाड्यांना मात्र स्कॅनर लावावा लागतो.

चावी ऑन केल्यावर पंप बोलला, तर स्विचवर संशय घेऊ नका, दोष दुसरीकडे आहे. पंप गप्प आहे आणि बटण खालीच आहे, तर आधी पंपाचा फ्यूज आणि रिले बघा. ते ठीक असतील, तर स्विचच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावून बघा, कारण जुन्या स्विचचे संपर्क आतून गंजतात. एकदा बटण दाबल्यावर साध्या खड्ड्यांतही तो पुन्हापुन्हा उडत असेल, तर त्याचा ब्रॅकेट सैल झाला आहे किंवा स्विच निकामी झाला आहे. ब्रॅकेट घट्ट करून घ्या किंवा स्विच बदला. काही ठिकाणी दोन वायरी थेट जोडून देतात आणि गाडी चालूही होते, पण पुढच्या धडकेत पंप थांबवायला काही उरत नाही. तसं जोडू देऊ नका.

आज घरी गेलात की गाडीचं पुस्तक काढा, हा स्विच कुठे आहे ते शोधा आणि एकदा हात घालून बघून ठेवा. विसरवाडीत मला ती जागा माहीत नव्हती, आणि मेकॅनिक येईपर्यंत सेल्फ मारमारून मी बॅटरी अर्धी उतरवली होती.