कार्ल्याला येताना

मुंबईहून कार्ल्याला येणाऱ्या मित्राला ‘लोणावळ्याला उतर’ एवढाच निरोप अपुरा पडतो. उपयोगी निरोप असा: ‘घाट चढल्यावर लोणावळ्याची पाटी दिसताच डावी लेन धर, बाहेर पडून जुन्या महामार्गाने पुण्याकडे ये. कार्ला फाट्यावर एकवीरेची पाटी दिसेल, तिथे डावीकडे वळ. उजवीकडचा रस्ता मळवली स्टेशनला जातो.’

खूण वळणाच्या आधीची हवी. वळणावरचीच सांगितली तर लेन बदलायला वेळ उरत नाही.

फाटा चुकला तर? द्रुतगती मार्गावर गाडी मागे घेणे धोक्याचे आणि बेकायदा. सरळ तळेगावला उतरून जुन्या महामार्गाने परतावे. मात्र तिकडून येताना कार्ल्याचे तेच वळण उजवीकडे लागते, हेही निरोपात लिहावे.